‘चर्चा करावी’ या दोन शब्दांत काय हरवते

एखादा पूल रखडला, कुणाचे निवृत्तिवेतन अडकले किंवा एखादी परवानगी वर्षभर लटकली, की आपल्याकडे एक ठरलेला वाद रंगतो. एक बाजू म्हणते, ही फाइल संस्कृतीच मोडीत काढा. खासगी कंपनीत फोनवर निर्णय होतात, मग सरकारलाच चार सह्या कशाला लागतात? दुसरी बाजू बहुधा निवृत्त अधिकाऱ्यांची असते. ती म्हणते, फाइल आहे म्हणून कारभाराला लगाम आहे, तिला हात लावू नका. हल्ली तिसराही प्रकार निघाला आहे. कुठल्याशा नस्तीतल्या, म्हणजे फाइलमधल्या, एकाच पानाचा फोटो घ्यायचा, एका शेऱ्याभोवती लाल गोल काढायचा आणि ‘हा घ्या पुरावा’ म्हणून तो पसरवायचा. तिघेही तावातावाने बोलतात, पण नस्ती उघडून वाचण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही.

माझे म्हणणे असे की लिहिण्यामुळे फारसा वेळ जात नाही आणि लिहिले म्हणजे जबाबदारी ठरली असेही नाही. नस्तीत जिथे लिहायला हवे नेमके तिथेच लिहिले जात नाही, आणि त्या कोऱ्या जागेत वेळही मुरतो आणि जबाबदारीही. या कोऱ्या जागेची खूण कोणत्याही कार्यालयात सापडते. टिपणीच्या खाली, जरा तिरक्या अक्षरात, दोन शब्द असतात: ‘चर्चा करावी.’ कुठे नुसतेच ‘बोलावे.’

हे का खटकावे, ते कळण्यासाठी नस्ती कशी चालते ते थोडे पाहायला हवे. नस्तीचे दोन भाग असतात. एका बाजूला पत्रव्यवहार: आलेले अर्ज, गेलेली पत्रे, अहवाल. दुसऱ्या बाजूला टिपणी, म्हणजे त्या कागदांवर कार्यालयाने केलेला विचार. दोन्हीकडे पानांना क्रमांक असतात आणि टिपणीतल्या परिच्छेदांनाही असतात. टिपणीत ‘पत्रव्यवहाराचे पान १४ पाहावे’ असे लिहिले की वाचणाऱ्याला आधार लगेच सापडतो. नियम किंवा जुना निर्णय दाखवायचा असेल तर त्याला पताका, म्हणजे खुणेची चिठ्ठी, लावतात. चांगल्या टिपणीत मागणी काय आहे, वस्तुस्थिती काय आहे, नियम काय म्हणतो, पूर्वी अशा प्रकरणात काय केले, कोणते पर्याय आहेत आणि कार्यासनाचे, म्हणजे प्रकरण हाताळणाऱ्या टेबलाचे, मत काय, हे याच क्रमाने येते. शेवटी सही आणि तारीख. मग नस्ती वर जाते आणि वरचा अधिकारी त्याच टिपणीच्या खाली आपले म्हणणे लिहितो.

या ‘खाली’ शब्दावर सगळी पद्धत उभी आहे. खालच्याने लिहिलेले वरच्याने खोडायचे नाही, त्यावर कागद चिकटवायचा नाही, पान बदलायला सांगायचे नाही. पटले नाही तर ‘परिच्छेद ६ मधील प्रस्तावाशी सहमत नाही, कारण...’ असे खाली लिहायचे. लिपिकाचे मत कायम राहते, साहेबाचे मतही राहते आणि दोघांमधले अंतर कागदावर दिसते. निर्णय बदलण्याचा अधिकार वरच्याला पूर्ण आहे. खालच्याचे मत पुसण्याचा अधिकार मात्र कोणालाच नाही.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीपुरते आहेत, पण असा घटनाक्रम कार्यालयात वावरलेल्या कोणालाही ओळखीचा वाटेल. एका गावाच्या पाण्याच्या टाकीचे काम ठेकेदाराला बारा महिन्यांत पूर्ण करायचे होते; त्याला त्याहून १२० दिवस जास्त लागले. उशिराबद्दल दररोज ४,००० रुपये दंड, अशी करारात अट आहे. ठेकेदार अर्ज करतो की पाऊस होता, जागा उशिरा मिळाली, साहित्य वेळेवर आले नाही, म्हणून पूर्ण १२० दिवसांची मुदतवाढ दंडाशिवाय द्यावी.

कार्यासनावरचा लिपिक कागद तपासतो. जागेचा ताबा दिल्याच्या पत्रावरून दिसते की जागा खरोखरच २० दिवस उशिरा दिली गेली. कामावरच्या नोंदवहीत पावसाने काम बंद राहिल्याचे ३५ दिवस लागतात. उरलेल्या ६५ दिवसांची नोंद कुठेच नाही. तो टिपणी मांडतो: ५५ दिवसांची मुदतवाढ दंडाशिवाय देता येईल, ६५ दिवसांचा दंड, म्हणजे २,६०,००० रुपये, वसूल करावा, आदेशार्थ सादर. दीड पानाची टिपणी. प्रत्येक आकड्यापुढे पान क्रमांक. लिहायला फार तर एक दुपार लागली असेल.

नस्ती वर जाते आणि दोन दिवसांनी परत येते. शेरा: ‘चर्चा करावी.’ पुढचे १९ दिवस नस्तीवर काहीच नाही. मग त्याच लिपिकाच्या हातची नवी टिपणी लागते: ‘चर्चेनुसार फेरसादर. ठेकेदाराने नमूद केलेली कारणे संयुक्तिक वाटतात. सबब १२० दिवसांची मुदतवाढ दंडाशिवाय देण्यास हरकत नसावी.’ खाली एक ‘सहमत’, त्याखाली दुसरा ‘सहमत’, शेवटी ‘मान्य’.

दोन-तीन वर्षांनी लेखापरीक्षण पथक नस्ती मागवते आणि विचारते की २,६०,००० रुपयांचा दंड कशाच्या आधारे सोडला. उत्तर कोणी द्यायचे? कागद म्हणतो, प्रस्ताव लिपिकाचा होता. आधी दंड घ्या म्हणणाराही तोच आणि मग सोडून द्या म्हणणाराही तोच. बाकीचे फक्त सहमत होते. चर्चेत कोण होते, ती किती तारखेला झाली, कोण काय म्हणाले, यातला एक शब्दही कुठे नाही. सगळ्यात कमी अधिकार असलेल्या माणसाच्या गळ्यात सगळ्यात मोठा प्रश्न येऊन पडतो.

इथे ‘साहेबाने पैसे खाल्ले’ असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण मला या प्रकरणाची दुसरी शक्यता जास्त महत्त्वाची वाटते. समजा साहेबाने काहीच खाल्ले नव्हते. समजा त्याला एक गोष्ट ठाऊक होती, जी लिपिकाला नव्हती: मध्यंतरी विभागानेच टाकीच्या पायाचा आराखडा बदलला होता, सुधारित आराखडा मिळेपर्यंत काम थांबले होते आणि ते ६५ दिवस नेमके तेच होते. मग दंड सोडणे न्याय्यच होते. घेतला असता तर ठेकेदार लवादात जिंकला असता. पण ही गोष्ट तोंडी सांगितली गेली आणि टिपणीत उतरली नाही. आता साहेबाची बदली झाली आहे किंवा तो निवृत्त झाला आहे, आराखड्याचे पत्र तिसऱ्याच नस्तीत आहे, आणि एक योग्य निर्णय गैरव्यवहारासारखा दिसतो आहे. जे तीन ओळींत लिहून झाले असते, ते आता तीन सुनावण्यांत सिद्ध करावे लागणार. न लिहिण्याचा फायदा लबाडाला होतोच. पण त्याचा खरा फटका सरळ माणसाला बसतो, कारण लबाडाला पुरावा नकोच असतो.

आणि वेळेचे काय? ‘दफ्तर दिरंगाई कायदा’ म्हणून ओळखला जाणारा २००५चा राज्याचा कायदा सांगतो की कोणत्याही कर्मचाऱ्याकडे नस्ती सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये; दुसऱ्या विभागाचा संबंध नसेल तर निर्णय ४५ दिवसांत व्हावा, संबंध असेल तर तीन महिन्यांत. आता ‘चर्चा करावी’ या शेऱ्याची करामत पाहा. हा शेरा मारला की नस्ती साहेबाच्या टेबलावरून खाली उतरते. त्याचे सात दिवस पाळले गेले. लिपिक मात्र चर्चेसाठी वेळ मिळण्याची वाट पाहत बसतो. साहेब दौऱ्यावर, मग बैठकीत, मग रजेवर. विलंब कोणाच्या नावावर? कागदावर लिपिकाच्या. तेव्हा ‘लिहिण्यामुळे उशीर होतो’ म्हणणाऱ्यांनी एखादी रखडलेली नस्ती घ्यावी आणि टिपण्यांखालच्या तारखा एकाखाली एक मांडून पाहाव्यात. लिखाण चालू असतानाचे दिवस मोजके निघतील. काहीही न लिहिता गेलेलेच जास्त.

यात मराठी भाषेनेही आपला हातभार लावला आहे, हे जाता जाता म्हणायला हवे. कार्यालयीन मराठीने कर्ता नाहीसा करण्याची कला फार उंचीवर नेली आहे. ‘असे निदर्शनास आले आहे’ असे लिहितात, पण कोणाच्या निदर्शनास, ते लिहीत नाहीत. ‘निर्णय घेण्यात आला’ म्हणतात, घेणारा कोण ते सांगत नाहीत. ‘कारणे संयुक्तिक वाटतात’ हे कोणाला वाटले? ‘हरकत नसावी’ तर मला विशेष आवडते. ते होकारही नाही आणि नकारही, उद्या काही झालेच तर ‘मी नसावी म्हटले होते, नाही म्हटले नव्हते’ असे सांगायची सोय आहे. लोक या भाषेला बोजड म्हणून हसतात. पण तिचा बोजडपणा हा दोष नाहीच, संस्कृत शब्द काय सवयीने कळतात. दोष हा की वाक्यातून माणूस गायब होतो. तोच मजकूर ‘कनिष्ठ अभियंत्याने अमुक तारखेच्या अहवालात कळवले आहे’ असा लिहिला तर शब्द फार वाढत नाहीत, पण उद्या कोणाला विचारायचे ते मात्र कळते.

टिपणीनंतर प्रारूप येते, म्हणजे बाहेर जाणाऱ्या पत्राचा किंवा आदेशाचा मसुदा. टिपणी घरातली, आदेश दारातला. तो लिहिताना एक वाक्य चुकले तर काय होते, याचा नमुना मुंबईचाच आहे. अंधेरीला चित्रपटगृह बांधू इच्छिणाऱ्या गोरधनदास भानजी यांना मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी जुलै १९४७ मध्ये परवानगी दिली. सप्टेंबरमध्ये त्यांना दुसरे पत्र आले. त्याचा आशय असा की शासनाच्या निर्देशावरून आपणास कळवण्यात येते की ती परवानगी रद्द करण्यात आली आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. नियमानुसार परवानगी देण्याचा आणि रद्द करण्याचा अधिकार फक्त आयुक्तांचा होता, शासनाचा नव्हता. मग बचाव आला की प्रत्यक्षात निर्णय आयुक्तांनीच घेतला होता, पत्राची भाषा तेवढी तशी झाली.

न्यायालयाने १९५१ मध्ये हा बचाव मान्य केला नाही. सार्वजनिक अधिकाऱ्याने काढलेला आदेश त्यातल्या शब्दांवरून वाचायचा असतो. आपल्या मनात काय होते हे त्याने नंतर सांगितले म्हणून आदेशाचा अर्थ बदलत नाही. पत्रात आयुक्त केवळ शासनाचा निरोप पोचवताना दिसतात, म्हणून ते रद्द करणे त्यांचे ठरत नाही. न्यायालयाने आयुक्तांना सांगितले की सर्व बाजू विचारात घेऊन, स्वतःच्या बुद्धीने, रद्द करतो किंवा करत नाही असा स्पष्ट आदेश काढा. पुढे १९७७ मध्ये मोहिंदरसिंग गिल यांच्या निवडणूक प्रकरणात हेच तत्त्व आणखी ठाशीव झाले: आदेशात दिलेल्या कारणांवरच आदेश टिकायचा किंवा पडायचा, नंतर प्रतिज्ञापत्र करून त्याला नवी कारणे जोडता येत नाहीत. टाकीच्या प्रकरणातल्या साहेबाला तोंडी ठाऊक असलेल्या कारणाची किंमत किती, हे यावरून समजावे.

लाल गोल काढणाऱ्या मंडळींनाही इथेच एक गोष्ट सांगायला हवी. टिपणीतला शेरा म्हणजे आदेश नव्हे. बचित्तरसिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात मंत्र्याने नस्तीवर अनुकूल निर्णय लिहिला होता, पण तो रीतसर आदेश म्हणून निघाला नाही आणि संबंधितापर्यंत पोचलाही नाही. सर्वोच्च न्यायालय म्हणाले की तोवर तो निव्वळ नस्तीवरचा शेरा आहे, मत बदलायला मोकळीक आहे. म्हणून एका पानाच्या फोटोवरून ‘मंत्र्यांनी मंजूर केले’ किंवा ‘सचिवांनी विरोध केला’ असे ठरवणे म्हणजे चर्चेतले एक वाक्य उचलून निकाल सांगण्यासारखे आहे. आधीचे पान काय म्हणते? नंतरचे? शेवटी आदेश काय निघाला? टिपणीचे मोल तिच्या सलगपणात आहे, आणि तो सलगपणा ‘चर्चा करावी’ तोडतो तसाच एका पानाचा फोटोही तोडतो.

आता विरुद्ध बाजूचे सर्वांत वजनदार मुद्दे. पहिला भीतीचा. अनेक चांगले अधिकारी म्हणतात की लिहिलेला प्रत्येक शब्द दहा वर्षांनी चौकशीत उभा राहतो, म्हणून न लिहिणे आणि न ठरवणे हेच शहाणपणाचे. ही भीती काल्पनिक नव्हती. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात पूर्वी अशी तरतूद होती की लोकहित नसताना कोणाला आर्थिक लाभ मिळवून दिला तर, स्वतः काही घेतले नसले तरी, तो गुन्हा ठरू शके. २०१८च्या दुरुस्तीत ती काढली गेली आणि घेतलेल्या निर्णयांबद्दल चौकशी सुरू करण्याआधी मंजुरीची अटही आली. ती अट योग्य की अयोग्य, हा वेगळा वाद. पण भीतीतून निघणारा ‘लिहू नका’ हा सल्ला मात्र उलटा आहे. चौकशी अधिकाऱ्यासमोर नस्ती जाणारच आहे. त्यात तुमचे कारण असेल किंवा नसेल, एवढाच फरक. त्या क्षणी हाताशी कोणती माहिती होती आणि तिच्यावरून हा निष्कर्ष कसा काढला, हे लिहिलेला चुकीचा निर्णय चूक म्हणून वाचला जातो. कारण न लिहिलेला बरोबर निर्णय मात्र संशयानेच वाचला जातो.

दुसरा मुद्दा तातडीचा. पूर आला, भूकंप झाला. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी हादरले तेव्हा टिपणी मांडत बसायचे का? अर्थातच नाही. आणि नियमही तसे म्हणत नाहीत. आपत्ती व्यवस्थापन कायद्यात तातडीच्या खरेदीसाठी निविदा बाजूला ठेवण्याची मुभा आहे. सेवेचे वर्तणूक नियम तोंडी आदेश मान्य करतात. अट एवढीच की वरिष्ठाने त्याची लगेच लेखी पुष्टी करावी आणि कनिष्ठाने ती शक्य तितक्या लवकर मागून घ्यावी. ३१ ऑक्टोबर २०१३ला माजी मंत्रिमंडळ सचिव टी.एस.आर. सुब्रमण्यम यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तोंडी आदेशांवर काम करण्याच्या प्रथेवर बोट ठेवले, तेव्हा याच नियमाचा आधार घेतला होता. म्हणजे आधी धाव, मग लिही, याला कायद्याची मनाई नाहीच. आक्षेप आहे तो पूर ओसरून महिने लोटले तरी लिहिले जात नाही याला. शिवाय खरे सांगायचे तर तोंडी आदेशांपैकी किती पुरात दिले जातात आणि किती बदल्यांच्या हंगामात?

तिसरा मुद्दा मोकळेपणाचा. माहितीचा अधिकार आला, टिपण्या लोकांना वाचायला मिळू लागल्या, आता अधिकारी मनातले लिहीत नाहीत. म्हणून टिपण्या वगळा, असा प्रयत्न केंद्राने २००६ मध्ये केला होता. त्या ऑगस्टमध्ये आळंदीला अण्णा हजारे उपोषणाला बसले, देशभर विरोध झाला आणि ती दुरुस्ती बारगळली. या मुद्द्यात तथ्य आहे, हे मी मान्य करतो. कनिष्ठ अभियंत्याने एखाद्या दबंग ठेकेदाराविरुद्ध लिहायचे आणि ते पान महिन्याभरात त्याच ठेकेदाराच्या हाती पडायचे, ही गंमत नाही. पण यावर उपाय पान लपवणे हा आहे का? त्या अभियंत्याचे मत पुसले गेले नाही आणि वरच्याने ते लेखी कारण देऊनच डावलले, तर तो एकटा पडत नाही. तो एकटा पडतो ते त्याला ‘चर्चेला’ बोलावून वेगळे लिहायला लावले जाते तेव्हा.

यात नवे काहीच नाही, ही मला सर्वांत गमतीची गोष्ट वाटते. जॉन स्टुअर्ट मिल हा तत्त्वज्ञ ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत ३५ वर्षे नोकरीला होता. १८५२ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे त्याने सांगितले की हिंदुस्थानचा सगळा कारभार लेखी चालतो आणि कारणे नोंदलेली नाहीत असे एकही कृत्य तिथे होत नाही. परक्या सत्तेला आपल्याच दूरच्या नोकरांवर विश्वास नव्हता म्हणून ही पद्धत आली, त्यामुळे तिला वसाहतवादी म्हणून हिणवणारे आजही भेटतात. पण मग शिवकालीन पत्रांचे काय करायचे? वर राजमुद्रेचा शिक्का आणि मजकूर संपतो तिथे ‘मर्यादेयं विराजते’ ही छोटी मुद्रा, म्हणजे मोर्तब. इथे पत्राची मर्यादा संपली, याच्या खाली कोणी ओळ घुसडली तर ती आमची नाही. आपण आज ‘शिक्कामोर्तब झाले’ म्हणतो तेव्हा नुसती मंजुरी अभिप्रेत असते. त्यातला अर्धा शब्द मुळात मागाहून फेरफार होऊ नये यासाठी होता, हे आपण विसरलो.

काहींना वाटते की ई-ऑफिस, म्हणजे संगणकावरची नस्ती, आले, आता हे सगळे आपोआप सुटेल. ई-ऑफिसने बरेच सुटले आहे, ते नाकारू नये. नस्ती कोणाकडे किती दिवस आहे ते पडद्यावर दिसते, पान गहाळ होत नाही, तारीख मागची टाकता येत नाही. त्या प्रणालीत टिपणी दोन रंगांची असते. पिवळी कच्ची; ती बदलता येते, टाकून देता येते. हिरवी पक्की; ती पुढे पाठवली की तिच्यात हात घालता येत नाही. हिरवी टिपणी म्हणजे यंत्रातले मोर्तबच. पण पळवाटही त्याच रंगांतून निघते. लिपिक पिवळी टिपणी लिहितो, तिचे छायाचित्र मोबाइलवर साहेबाला पाठवतो, साहेब फोनवर ‘असे नको, तसे कर’ सांगतो, आणि साहेबाच्या पसंतीची झाल्यावरच ती हिरवी होते. आता तर ‘चर्चा करावी’ हा शेरासुद्धा उरत नाही. कागदी नस्तीत निदान कळत होते की इथे काहीतरी बोलणे झाले. संगणकी नस्ती पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एकमताची, गुळगुळीत दिसते. त्यात साहेबाचा पासवर्ड स्वीय सहायकाकडे असला, तर ‘सहमत’ नेमके कोण झाले हाही प्रश्नच.

माहितीच्या अधिकारात नस्ती पाहायला जाणाऱ्याने म्हणूनच शेरे वाचण्याआधी तारखा आणि क्रमांक वाचावेत. परिच्छेद ७ नंतर थेट ९ आहे का? एखाद्या टिपणीचा सूर मागच्या टिपणीहून अचानक वेगळा झाला आहे का, आणि त्या दोन्हींवर सही एकाच माणसाची आहे का? ‘चर्चेनुसार’ हा शब्द आहे आणि पुढे चर्चेत काय ठरले ते नाही, असे किती ठिकाणी? मंजुरीची तारीख आदेशाच्या तारखेनंतरची तर नाही? पत्रव्यवहाराच्या बाजूला एखादे पत्र आहे, पण टिपणीत त्याचा उल्लेखच नाही, असे आहे का? यातली एखादी खूण सापडली म्हणजे घोटाळा सापडला, असे नव्हे. कुठे बोट ठेवून विचारायचे, ते सापडले.

आणि कार्यालयाच्या आतल्या माणसाला काय करता येईल? लिपिकाने साहेबाशी भांडावे, हा सल्ला देणे सोपे, पाळणे अवघड. पण ‘चर्चेनुसार फेरसादर’ या दोन शब्दांच्या जागी एक वाक्य लिहिता येते, आणि ते उद्धटही वाटत नाही: ‘दिनांक अमुक रोजी उपअभियंता व कार्यकारी अभियंता यांच्यासमवेत झालेल्या चर्चेत कार्यकारी अभियंत्यांनी सांगितले की सुधारित आराखडा मिळेपर्यंत काम थांबले होते व त्या ६५ दिवसांचा दंड आकारू नये, त्यानुसार, परिच्छेद ६ मधील मूळ प्रस्ताव कायम ठेवून, पर्यायी प्रस्ताव सादर.’ आराखड्याचे पत्र शोधून त्याला पताका लावायची. साहेबाचे म्हणणे खरे असेल तर तो या वाक्याखाली सही करेल, त्याचाच बचाव आहे तो. खरे नसेल तर नस्ती परत येईल आणि बहुधा तोंडी निरोप येईल की हे वाक्य काढून टाक. तो निरोप कोणाकडून आणि किती वाजता आला, ते मात्र त्याच दिवशी कुठेतरी लिहून ठेवावे.